जेआर-3 सगळ्यांसमोर अपमान करतो, पण तक्रार केली तर लॉगबुकचं काय?

प्रश्न: मॅडम, मी मेडिसिनची जेआर-1, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाची रेसिडेंट आहे, कोकणातल्या एका मेडिकल कॉलेजात. आमचा जेआर-3 राउंडला पेशंटच्या नातेवाइकांसमोर मला काहीही बोलतो. परवा रात्री फुरसं चावलेल्या पेशंटची क्लॉटिंगची ट्यूब मी वेळेआधी हलवली, चूक माझीच होती. पण त्याने ट्यूब हातातून ओढून घेतली आणि नातेवाइकांना म्हणाला "हिला डॉक्टर म्हणू नका". सकाळी नाइट संपल्यावर दुपारपर्यंत वॉर्डच्या दारात उभं केलं, जेवायलाही जाऊ दिलं नाही. तक्रार केली तर लॉगबुकवर सही मिळणार नाही, थीसिस अडकेल असं सगळे सांगतात. दोन वर्षांहून जास्त काढायचंय इथे. घरी काही बोलले नाहीये. काय करू?

उत्तर:

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. तुझ्या लॉगबुकवर जेआर-3 ची सही लागतच नाही. मी बरीच वर्षं पीजींना शिकवतेय, अँटी-रॅगिंग कमिटीवर पण बसलेय, आणि दर वर्षी नवीन बॅचमध्ये हीच भीती बघते, की सीनियर बिथरला तर डिग्री गेली. एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2023 चे पीजी नियम उघडून बघ. ई-लॉगबुक तू दर आठवड्याला भरायचंस आणि गाइडने दर महिन्याला तपासून प्रमाणित करायचं असं त्यात लिहिलंय. थीसिसवर सही गाइडची आणि एचओडीची. 80 टक्के हजेरीचा हिशोब डिपार्टमेंट आणि कॉलेज ऑफिसकडे. यातला एकही कागद जेआर-3 च्या टेबलावरून जात नाही, तो स्वतः विद्यार्थी आहे, त्याचं लॉगबुकसुद्धा दुसरं कोणीतरी तपासतं.

मग त्याच्या हातात काय असतं? ड्युटी लिस्ट. बहुतेक डिपार्टमेंटमध्ये ती जेआर-3 किंवा सीनियर रेसिडेंट बनवतो आणि वरचे न बघता हो म्हणतात. दुसरं म्हणजे प्रोसीजर कोणाला द्यायची, सेंट्रल लाइन कोण टाकणार, लंबर पंक्चर कोणाला करू द्यायचं हे तोच ठरवतो. आणि तिसरं, गाइडचे कान भरणं. या तीन गोष्टींतून तुझं ट्रेनिंग खरंच खराब होऊ शकतं, म्हणून बंदोबस्त यांचाच करायचाय, आणि तो तक्रारीच्या आधी करायचाय. हा क्रम चुकला की तक्रार खरी असूनही मुलींना त्रास होतो.

म्हणून या आठवड्यात पहिलं काम म्हणजे लॉगबुक आजच्या तारखेपर्यंत पूर्ण भरणं. किती ॲडमिशन केल्यास, कुठल्या प्रोसीजर पाहिल्यास, कुठल्या स्वतः केल्यास, सेमिनार, जर्नल क्लब, सगळं. मग गाइडकडे जाऊन मागच्या महिन्यापर्यंतचं प्रमाणित करून घे. हे रुटीन काम आहे, कोणाला संशय यायचं कारण नाही. झालं की स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या मेलवर पाठव. कारण उद्या कोणी म्हणालं की "ही पहिल्यापासून कामचुकार आहे, म्हणून रागावलो", तर तक्रारीच्या आधीच्या तारखेचं प्रमाणित लॉगबुक हे त्याला सगळ्यात सरळ उत्तर असतं. तक्रारीनंतर भरलेल्या लॉगबुकला ती किंमत राहत नाही. मागच्या तीन-चार महिन्यांच्या ड्युटी लिस्टचे फोटो पण जमवून ठेव, पुढे लागतील.

आता त्या रात्रीबद्दल. तू चूक मान्य केलीस हे मला फार आवडलं आणि तक्रारीतसुद्धा तसंच लिही असं माझं ठाम मत आहे. फुरसं चावल्यावर रक्त गोठायचं थांबतं, म्हणून आपण 2 मिली ताजं रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घेतो, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवतो आणि मग तिरकी करून बघतो. आधीच हलवली की गोठत आलेलं रक्त पातळ दिसतं आणि गरज नसताना अँटी स्नेक व्हेनम सुरू होऊ शकतं, ज्याची रिॲक्शन जीवावर बेतू शकते. म्हणजे चूक खरी होती आणि सीनियरने थांबवणं त्याचं कामच होतं. "ही ट्यूब बाद, नवीन सॅम्पल घे, घड्याळ लाव, मी बघतोय" असं तो कडक आवाजात म्हणाला असता तर मी तुला सांगितलं असतं की गप शिकून घे. कॅज्युअल्टीत रात्री दोनला कोणी गोड बोलत नाही. मीही नाही बोलत.

पण त्याने जे पुढे केलं त्याचा पेशंटशी काही संबंध नव्हता. नातेवाइकांना "हिला डॉक्टर म्हणू नका" म्हटल्याने रक्त गोठणार नव्हतं. उलट उद्या तेच नातेवाईक तुझ्या हातून इंजेक्शन घ्यायला तयार होणार नाहीत. आणि ड्युटी संपलेल्या माणसाला शिक्षा म्हणून दारात उभं करणं, जेवू न देणं, यात शिकवणं काहीच नाही. कमिटीत बसल्यावर मी हेच बघते, की बोलणं चुकीबद्दल होतं की माणसाबद्दल, आणि चूक सुधारल्यानंतरही चालू राहिलं का. तुझ्या केसमध्ये सकाळी पेशंटचं सगळं मार्गी लागलेलं असताना शिक्षा चालू होती. तक्रारीचा कणा तोच आहे, ट्यूब नाही.

समोरून पहिला बचाव हाच येणार की "तिने पेशंटचा जीव धोक्यात घातला". तुझ्या अर्जात ती चूक आधीच लिहिलेली असेल तर तो बचाव तिथेच संपतो. आणि लपवलीस तर पुढची सगळी चौकशी त्या ट्यूबवरच फिरत राहते, अपमानाचं कोणी नाव काढत नाही. असं होताना मी पाहिलंय.

आज रात्रीच बसून लिही, आठवण ताजी आहे तोवर. विशेषणं नकोत, "मानसिक छळ", "अमानुष" वगैरे काही नको. साधारण असं:

> अमुक तारखेला रात्री साधारण 1.40 वाजता सर्पदंशाचा पेशंट कॅज्युअल्टीत आला (एमएलसी रजिस्टर क्र. …). 20 मिनिटांच्या क्लॉटिंग टेस्टची ट्यूब मी वेळेआधी हलवली. ही माझी चूक होती. डॉ. … यांनी ट्यूब माझ्या हातातून घेतली व पेशंटच्या दोन नातेवाइकांसमोर "हिला डॉक्टर म्हणू नका" असे म्हटले. त्या वेळी ड्युटीवरील सिस्टर व वॉर्डबॉय हजर होते. टेस्ट पुन्हा केली, उपचार सुरू झाले. सकाळी 8 वाजता माझी ड्युटी संपली. त्यानंतर डॉ. … यांनी मला वॉर्डच्या दारात उभे राहण्यास सांगितले. मी 1.15 पर्यंत उभी होते. जेवणासाठी जाण्याची परवानगी दोनदा मागितली, दोन्ही वेळा नाकारली.

बस, एवढंच. वेळा तुझ्या तू घाल, नक्की आठवत नसेल तिथे "साधारण" लिही. पेशंटचं नाव लिहू नकोस, केसपेपरचा फोटो काढू नकोस, नाहीतर गोपनीयता मोडल्याचं वेगळंच झेंगट तुझ्या मागे लागेल. सर्पदंश एमएलसी, म्हणजे मेडिकोलीगल केस असतो त्यामुळे रजिस्टरमध्ये वेळ आहेच, तपासणाऱ्याला तिथून मिळेल. आधीचे राउंडचे प्रसंगही असेच, एकेका प्रसंगाला चार ओळी. व्हॉट्सॲप ग्रुपवर काही बोलला असेल तर ग्रुप सोडू नकोस, चॅट एक्स्पोर्ट कर, आणि मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू किंवा रीसेट करू नकोस.

सिस्टरला साक्षीदार म्हणून आधी विचारून घे. बऱ्याच जणी करारावर असतात, त्यांना पण त्याच वॉर्डात राहायचंय. "तुम्ही माझ्या बाजूने बोला" असं म्हणू नकोस. "तुम्हाला विचारलं तर जे दिसलं तेवढं सांगाल का" एवढंच विचार. नाही म्हणाल्या तर रागावू नकोस, त्या हजर होत्या हे लिहिलंस तरी पुरतं, कमिटी बोलावते.

आता कोणाकडे जायचं. तुझा त्रास विद्यार्थ्याकडून आहे, शिक्षकाकडून नाही, त्यामुळे पहिली पायरी तुझा गाइड. वेळ मागून भेट, राउंडच्या मागे धावत नको. भेटीत शिक्षा मागू नकोस, तीन गोष्टी माग. पहिली, तुझं युनिट किंवा निदान ड्युटीची जोडी बदलावी. दुसरी, ड्युटी लिस्ट जेआर-3 ने बनवली तरी लेक्चररने सही करून लावावी. तिसरी, तुझ्या प्रोसीजरवर लक्ष ठेवायला एक असिस्टंट प्रोफेसर ठरवून द्यावा. म्हणजे मी वर सांगितलेल्या तीन चाव्या त्याच्या खिशातून निघाल्या. आणि हे मागणं मान्य करायला गाइडला कोणाला दोषी ठरवावं लागत नाही, त्यामुळे हो म्हणणं सोपं जातं. भेट झाल्यावर त्याच दिवशी मेल टाक, "सर, आज आपण बोललो त्याप्रमाणे…" करून. चार ओळी, पण तारीख पडली.

तोंडी सांगण्यावर थांबू नकोस. मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, तेव्हा घरच्यांचं म्हणणं होतं की आम्ही आधीच सांगितलं होतं, आणि कॉलेज म्हणत होतं की आमच्याकडे तक्रार आलीच नाही. आपल्याकडे तर सगळेच एकमेकांच्या ओळखीचे, अर्धे सर एकाच कॉलनीत राहतात, तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत चहासोबत सगळीकडे पोचतं आणि कागदावर मात्र काहीच उरत नाही. म्हणजे गुप्तता पण गेली आणि पुरावा पण नाही.

गाइड म्हणतील की "दोघांना केबिनमध्ये बसवतो, मिटवून टाकू". याला नम्रपणे नाही म्हण. एकदा एका डिपार्टमेंटमध्ये असंच मिटवलं होतं. मुलीने फक्त तोंडी सांगितलं, एचओडींनी दोघांना समोरासमोर बसवलं, त्याने सॉरी म्हटलं, हात मिळवले. पुढच्या लिस्टमध्ये तिला सलग वीकेंड नाइट लागल्या, गणपतीची रजा जून महिन्यात मंजूर झालेली ती "स्टाफ कमी आहे" म्हणून ऐन वेळी रद्द झाली आणि आयसीयूच्या प्रोसीजर बंद. प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण होतं, एकटी एकटी बघितली तर कुठलीच गैर वाटत नव्हती. तिच्याकडे आधीच्या लिस्ट नव्हत्या, लॉगबुक चार महिने भरलेलं नव्हतं, त्यामुळे आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे दाखवताच आलं नाही. म्हणून तुला लिस्टचे फोटो ठेव म्हणतेय. सूड असाच येतो, रजा आणि ड्युटीतून. तो ओळखायचा तर तक्रारीच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना शेजारी ठेवायचे, तुझ्या नाइट, तुझ्या बॅचमेटच्या नाइट, मिळालेल्या प्रोसीजर. फरक स्पष्ट दिसला की तोच तक्ता गाइडला मेल करायचा. रजेचं म्हणशील तर नियमात वर्षाला किमान 20 दिवस पगारी कॅज्युअल लीव्ह आणि आठवड्याची एक सुट्टी आहे, सुट्टीला कामाच्या गरजेची अट आहे पण शिक्षेची नाही.

गाइडकडे जाऊन दोन आठवड्यांत काही हललं नाही, किंवा जेआर-3 परत तसं वागला, तर डीनकडे लेखी. आवक विभागात दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन परत ये. क्लार्क घ्यायला कां-कू करत असेल तर वाद घालू नकोस, डीनच्या अधिकृत मेलवर पाठव आणि वर स्पीड पोस्ट कर.

इथे एक निर्णय तुला शांतपणे घ्यायचाय, अर्जात "रॅगिंग" हा शब्द लिहायचा की नाही. महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंग प्रतिबंध कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, ज्याने विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा मानसिक इजा होते असं वागणंही त्यात येतं, आणि पीजीसुद्धा विद्यार्थीच. तू हा शब्द लिहिलास की संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते, तथ्य नसेल तर तसं तुला लेखी कळवावं लागतं. टाळाटाळ केली तर कायदा प्रमुखालाच साथीदार मानतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे एकदा गाडी सुटली की "मला फक्त युनिट बदलून हवं होतं" म्हणून ती थांबवणं तुझ्या हातात राहत नाही. म्हणून मी पहिल्या पायरीला तो शब्द वापरायला सांगत नाही. पण हात उचलला, रूमवर येऊन धमकी दिली, दारात उभं करणं परत झालं किंवा तक्रारीनंतर सूड उगवायला लागला, तर एक मिनिट थांबू नकोस, सरळ लिही. कॉलेज बधत नसेल तर राष्ट्रीय अँटी-रॅगिंग हेल्पलाइन 1800-180-5522 चोवीस तास चालू असते, मेल helpline@antiragging.in वर. तिथून कॉलेजला विचारणा येते. निनावी पण करता येते, पण खरं सांगू, तुमच्या डिपार्टमेंटमध्ये जेआर-1 असतात किती? सर्पदंशाचा प्रसंग लिहिलास की नाव न टाकता पण सगळ्यांना कळतं. निनावीवर फार भिस्त ठेवू नकोस, त्यापेक्षा लॉगबुक पक्कं ठेव.

काही गोष्टी असतील तर मात्र वरचा गाइड-मग-डीन हा क्रम सोडून द्यायचा. जातीवरून बोलला असेल आणि तू अनुसूचित जाती-जमातीची असशील तर तो ॲट्रॉसिटीचा विषय आहे, चारचौघांत बोललेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेव आणि पोलिसांकडे जायच्या आधी वकिलाला दाखव. लैंगिक काही असेल, घाणेरडे बोलणं, स्पर्श, रात्रीचे मेसेज, तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत. तिथे एक फार चांगली सोय आहे जी मुलींना कोणी सांगत नाही. चौकशी चालू असताना समोरच्या व्यक्तीने तुझ्या कामाचा अहवाल लिहू नये आणि तुझ्या अभ्यासावर देखरेख करू नये, असं समितीला सुचवता येतं, लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या 2013 च्या नियमांमध्येच आहे ते. पण ते तू लेखी मागावं लागतं. तुझ्या केसमध्ये तो कायदा लागू नाही, पण "तपासणारा बदला" ही मागणी वेडगळ नाही, कायद्याने मान्य केलेली आहे एवढं गाइडला सांगता येईल.

त्रास देणारा गाइडच असता तर उत्तर वेगळं असतं, कारण मग सही खरंच त्याच्या हातात. तेव्हा एचओडी आणि कॉलेजच्या पीजी कमिटीमार्फत गाइड बदलून घ्यायचा अर्ज करावा लागतो, आणि तो थीसिसचा सिनॉप्सिस जायच्या आधी केलेला बरा, नंतर युनिव्हर्सिटीचं पत्रव्यवहाराचं ओझं वाढतं. कॉलेज बदलायचं मात्र डोक्यात आणू नकोस, पीजीत मायग्रेशनला परवानगीच नाही. आणि तुझ्या हॉस्पिटलात डीनच्या हाताखालचे आणि आरोग्य खात्याचे असे दोन्ही डॉक्टर एकत्र काम करत असतील, आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजांत असतात, तर पुढेमागे खात्यातल्या कोणाचा त्रास झाला तर अर्जाची प्रत सिव्हिल सर्जनलाही द्यायची, नाहीतर दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

तुझ्या वॉर्डातल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही हे सांग हवं तर. त्यांच्या प्रोसीजर बुकवर सही क्लिनिकल इन्स्ट्रक्टर किंवा वॉर्ड इनचार्ज सिस्टरची असते, त्यामुळे इनचार्जच ओरडत असेल तर त्यांची अडचण तुझ्यापेक्षा मोठी. त्यांनी मॅट्रनकडे जायच्या आधी कॉलेजच्या ट्यूटरना गाठावं आणि पोस्टिंग संपायची वाट न बघता दर आठवड्याला सह्या घेत जाव्यात. 1999 चा कायदा त्यांनाही लागू आहे.

राहिली घरची गोष्ट. सांग. तपशील नको असेल तर नको सांगूस, पण "इथे त्रास आहे, मी लेखी देतेय" एवढं आईला किंवा भावाला माहीत असू दे, आणि अर्जाची एक प्रत घरी ठेव. झोप उडाली असेल, ड्युटीला जाताना पोटात गोळा येत असेल तर टेली-मानस 14416 वर फोन कर, मराठीत बोलतात, कॉलेजला कळत नाही. आणि जगणं नकोसं वाटतंय असा विचार एकदा जरी आला असेल तर अर्ज-बिर्ज सगळं राहू दे, आज रात्री एकटी झोपू नकोस, रूममेटला सांग आणि घरच्यांना बोलावून घे. रजेचं नंतर बघता येतं, आजारपणाची रजा घेतली म्हणून कोणाची डिग्री गेलेली मी पाहिलेली नाही, फार तर तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागतात.

गाइडला भेटून आलीस की त्यांनी नेमकं काय उत्तर दिलं ते इथे लिही, नावं न घेता. त्यावरून डीनच्या अर्जात काय घालायचं आणि काय गाळायचं ते सांगते.